आधी दिवस, मग महिना

गेल्या आठवड्यात भाचीबरोबर बँकेत गेलो होतो. कॉलेजच्या फीसाठी तिच्या नावाचं खातं उघडायचं होतं. इंदूरच्या राजवाड्याच्या बाजूची जुनी शाखा, उंच छत, सकाळची वेळ. दाराबाहेरच्या गाडीवर कुणीतरी पोह्यांवर जीरावण भुरभुरत होतं आणि तो वास थेट काउंटरपर्यंत येत होता. भाची उंच टेबलाशी उभी राहून फॉर्म भरत होती. नाव झालं, वडिलांचं नाव झालं, पत्ता झाला, आणि पेन थांबलं. जन्मतारखेचे आठ चौकोन समोर होते. ती वाकली, चौकोनांखालची बारीक अक्षरं वाचली, कागद जरा उजेडाकडे तिरका धरला आणि पुन्हा वाचली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मामा, इथे आधी दिवसच आहे ना?"

अठरा वर्षांची मुलगी. स्वतःची जन्मतारीख लिहिताना थांबली.

"हो, दिवसच," मी म्हटलं. तिने मान हलवली, पण पेन लगेच टेकवलं नाही. तेवढाच तो क्षण. मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांना वाटलं असेल, मुलगी पहिल्यांदाच बँकेत आलेली दिसते. ती का थांबली हे मला माहीत होतं, आणि त्या थांबण्यात माझाही वाटा होता. तेव्हापासून ते टोचत राहिलंय, म्हणून लिहून टाकतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बारावीनंतरच्या एका मोठ्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. दिवसभर भंवरकुआँला कोचिंग, संध्याकाळी परत आली की जेवून पुन्हा पुस्तकं, म्हणून फॉर्म रात्रीवर गेला. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर त्या दिवसांत बंद पडला होता, तेव्हा ती आणि तिचा धाकटा भाऊ रामबागेत आमच्याकडे आले. मी माझा ऑफिसचा लॅपटॉप दिला आणि आत जाऊन बातम्या बघत बसलो. मधूनमधून आवाज यायचे. फोटोचा आकार बसत नाही, सही नीट येत नाही, ओटीपी आला का. दहाच्या सुमारास दोघं हसतच बाहेर आले, फी भरून झाली होती. आजीने शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला आणि विषय संपला.

जन्म ७ एप्रिल २००७ चा. तिने तारखेच्या रकान्यात शून्य सात, शून्य चार, दोन हजार सात असं टाइप केलं होतं. लहानपणापासून शाळेच्या वहीवर, ग्रंथालयाच्या कार्डावर, चित्रकलेच्या परीक्षेच्या पुठ्ठ्यावर जसं लिहीत आली, तसंच. आकडे टाकायच्या आधी त्या रकान्यात फिकट राखाडी अक्षरांत mm/dd/yyyy असं दिसत होतं, म्हणजे आधी महिना. पहिला आकडा टाकल्याबरोबर ती अक्षरं पुसली जाऊ लागतात. कॅलेंडर उघडून तारीख निवडायची सोय होती, पण त्यात चालू महिन्यापासून २००७ पर्यंत मागे जायला कुणाला वेळ असतो? टाइप करणं सोपं. रकान्याने तिचा सात महिना म्हणून घेतला आणि चार दिवस म्हणून. जुलैची चौथी तारीख. अस्तित्वात असलेली, कुठलाही नियम न मोडणारी तारीख. लाल रंगाची सूचना आली नाही, काही अडलं नाही.

आता यातली खरी गोम सांगतो, कारण घरात सगळ्यांनी नंतर "नीट बघितलं का नाही" हाच एक प्रश्न तिला विचारला. तिने बघितलं होतं. फॉर्म शेवटी सादर करण्याआधी सगळी माहिती एका पानावर दिसते. त्या पानावर तारीख होती ०४/०७/२००७. ते पान दिवस आधी, महिना नंतर या आपल्या पद्धतीनेच छापत होतं, त्यामुळे त्याचा सरळ अर्थ ४ जुलै होता. पण पान तसं सांगत नव्हतं, नुसते आकडे होते. आकडे उलटे दिसल्यावर ती दचकली, मागच्या पानावर गेली, तेव्हा तिला ती mm आणि dd अक्षरं दुसऱ्या एका रिकाम्या तारखेच्या रकान्यात दिसली. भाऊ म्हणाला, अगं, हे लोक अमेरिकन पद्धतीने लिहितात, आधी महिना. म्हणजे शून्य चार हा महिना, एप्रिल, आणि शून्य सात दिवस. बरोबर आहे की! दोघांनी मिळून विचार करून, तर्क लावून, चुकीची तारीख बरोबर ठरवली. रकाना एका पद्धतीने वाचत होता, पान दुसऱ्या पद्धतीने दाखवत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये सतरा वर्षांची मुलगी होती.

तारीख दोनदा भरायला लावली असती तरीही हे पकडलं गेलं नसतं. ज्या सवयीने पहिल्यांदा लिहिलं, त्याच सवयीने दुसऱ्यांदाही लिहिलं असतं, आणि दोन्ही रकाने तंतोतंत जुळले असते. असली दुहेरी तपासणी निसटलेलं बोट पकडते. समजुतीतला फरक तिच्या हाती लागत नाही.

परीक्षेच्या काही दिवस आधी प्रवेशपत्र आलं. त्यावर महिना अक्षरांत होता: 04-JUL-2007. तिने ते मोबाइलवर उघडलं तेव्हा मी तिथेच होतो, बहिणीकडे आमरसाचं जेवण होतं. ती काही बोलली नाही. मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवला. थोड्या वेळाने आईला म्हणाली, "माझा जन्म जुलैत दाखवून राहिलेत." वाटीतला रस तसाच राहिला. फॉर्म दुरुस्त करायची मुदत कधीच संपली होती. हेल्पलाइनचा फोन लागेना. मेल केला, त्याला आपोआप आलेलं उत्तर आलं. तिचे वडील शांत माणूस, पण त्या दिवशी तेही बोलून गेले, "एक तारीख नीट लिहिता येत नाही तुला? स्वतःची?" ती उठून गच्चीवर गेली.

मला त्याच क्षणी कळलं होतं.

त्या रकान्यात आधी दिवस की आधी महिना, हे फॉर्म बनवणाऱ्याने ठरवलेलं नसतं. पानाच्या मजकुरात तो रकाना एवढाच असतो:

```
<input type="date">
```

तो माणसाला कसा दाखवायचा हे ब्राउझर ठरवतो, आणि ब्राउझर ते आपल्या किंवा मशीनच्या भाषेच्या नि प्रदेशाच्या सेटिंगवरून घेतो. इंग्रजी (भारत) असेल तर दिवस आधी, इंग्रजी (अमेरिका) असेल तर महिना आधी. आतून पाठवताना मात्र तो नेहमी एकाच रूपात पाठवतो, वर्ष, महिना, दिवस, म्हणजे तिच्या बाबतीत 2007-07-04. आयएसओ ८६०१ नावाचं हे प्रमाण १९८८ सालचं आहे. त्यात गोंधळाला जागा नाही, आणि अशा तारखा नुसत्या आकड्यांप्रमाणे चढत्या लावल्या तरी काळाच्या क्रमाने लागतात. म्हणजे यंत्रांनी आपापसातला प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. प्रश्न उरतो तो काचेच्या अलीकडे. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला पहिल्या दिवसापासून अमेरिकेचं सेटिंग होतं. आमचं बरंचसं काम तिकडच्या लोकांशी, मी ते कधी बदललं नाही. तोच फॉर्म त्याच रात्री तिने स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर भरला असता तर, बहुतेक करून, तिचा सात दिवसच राहिला असता.

हे मी त्या जेवणाच्या वेळी बोललो नाही. आज लिहितानाही त्या गप्प बसण्याचं कारण मला नीट सांगता येत नाही. खात्री करून मग बोलू असं मनाला सांगितलं. रात्री घरी येऊन लॅपटॉप उघडला, एका कोऱ्या पानावर तो एक रकाना करून पाहिला, शून्य सात शून्य चार टाकलं, आणि खाली जुलै उमटला. खात्री झाली. तरी सांगायला तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत ती घरातली "बेफिकीर मुलगी" होती, आणि ती अभ्यासाला बसली की बहीण फोनवर मला हळू आवाजात सांगायची, हिचं लक्षच नसतं रे कशात.

माझी लाज जास्त वाढते ती एका जुन्या आठवणीने, कारण हा घोटाळा मी आधी एकदा डोळ्यांनी पाहिलेला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दुसऱ्या कार्यालयाकडून आमच्याकडे हप्त्यांच्या तारखांची लांबलचक यादी आली. साध्या मजकुराची फाइल, तारखा आपल्या पद्धतीच्या. मी ती एक्सेलमध्ये उघडली, आणि त्या मशीनलाही अमेरिकेचंच सेटिंग होतं. तारखांचा रकाना विचित्र दिसायला लागला. काही तारखा डावीकडच्या कडेला चिकटलेल्या, काही उजवीकडे. मला वाटलं, डावीकडच्या बिघडल्यात. कागदी नोंदींशी ताडून पाहायला बसलो तर उलटंच निघालं. २३/०४ सारखी तारीख एक्सेलला कळलीच नाही, तेविसावा महिना नसतो, म्हणून त्याने ती नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवून दिली, जशी होती तशी. आणि ०५/०३ सारखी तारीख त्याला "कळली". ५ मार्चची ३ मे करून त्याने ती उजवीकडे रुबाबात बसवली. जिथे यंत्र अडलं होतं तिथे माहिती शाबूत होती. जिथे ते अडलं नाही तिथे ती गेली होती. त्या दिवशी दुपारभर मी पट्टी धरून एकेक ओळ तपासली, कँटीनचा चहा दोनदा गार झाला.

तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला होता, तो अजून लक्षात आहे. दिवसही बारापर्यंतचा आणि महिना तर बारापर्यंतचाच, अशा वर्षात बारा गुणिले बारा, १४४ तारखा. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षातले हे १३२ दिवस असे की ते उलटे वाचले तर कुणालाच कळत नाही, कारण उलटूनही खरीच तारीख तयार होते. बाकीच्या २२१ दिवशी जन्मलेल्या माणसाला रकाना अडवतो, तो चिडतो, मग बारीक अक्षरं वाचतो आणि सुटतो. भाचीचा भाऊ महिन्याच्या २३ तारखेचा. तोच फॉर्म त्याने स्वतःसाठी भरला असता तर पहिल्याच झटक्यात अडला असता. ती सातव्या दिवशी जन्मली, म्हणून तिला कुणी अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी बहिणीकडे गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. लॅपटॉप उघडून रकाना दाखवला, सेटिंग दाखवलं, मग ते बदलून पुन्हा तेच आकडे टाकून दाखवले. मेहुणे बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. भाची म्हणाली, "म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं." तिच्या आवाजात सुटकेपेक्षा थकवा जास्त होता. माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आमची आई, म्हणजे भाचीची आजी, हे सगळं दाराशी बसून ऐकत होती. तिला महिना, दिवस, अमेरिका यातलं काही नको होतं. ती म्हणाली, "पोर चैत्र वद्यातली आहे, एवढं त्यांना लिहून द्या." शेजारच्या चाची तेव्हा कैरी मागायला आल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "नहीं अम्मा, बिटिया तो बैसाख की है।" आणि दोघी हसल्या. हा त्यांचा अठरा वर्षांचा जुना वाद आहे. इंदूरच्या मराठी घरांना हे सांगायला नको. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. चैत्र पौर्णिमा झाली की आपल्याकडे चैत्र वद्य सुरू होतं, त्यांच्याकडे वैशाख कृष्ण. आपला श्रावण सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधीच त्यांचे सावनचे सोमवार सुरू झालेले असतात. जन्माष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी, त्यांना भादों कृष्ण अष्टमी, आणि पाळणा मात्र एकाच रात्री हलतो.

मी ते लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. शुक्ल पक्षात दोघींचा महिना एकच असतो. गुढीपाडवा, रामनवमी, अक्षय्य तृतीया, गणेश चतुर्थी, दसरा, सगळीकडे नाव जुळतं. म्हणून वाटतं आपण एकच पंचांग वाचतोय. फरक फक्त वद्य पक्षात उघडा पडतो. एप्रिलच्या तेवीस तारखेला कुणीच चुकत नाही आणि सातला चुकतो, तसंच हे. आणि मला जरा भीतीही वाटली, कारण तोवर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की महिना अक्षरांत लिहिला की काम झालं. इथे तर महिना अक्षरांतच होता, अगदी नाव घेऊन सांगितलेला. तरी ऐकणाऱ्याचा महिना कुठे संपतो हे त्या नावात आलेलं नव्हतं. दोघींमध्ये घोटाळा होत नाही त्याचं कारण एवढंच की दोघींना एकमेकींचा हिशेब माहीत आहे. चाची वैशाख म्हणतात आणि आई मनातल्या मनात चैत्र ऐकते.

परीक्षेच्या दिवशी फाटकावर फोटो पाहिला, रोल नंबर पाहिला, बोटाचा ठसा घेतला. तारखेकडे कुणी पाहिलं नाही. तिची रात्रीची झोप ज्या गोष्टीने गेली होती तिला फाटकावर कुणी विचारलं नाही. वयाची अट दोन्ही तारखांनी पूर्ण होत होती, म्हणून निकालही लागला, ४ जुलैच्याच नावाने. अडलं ते प्रवेशाच्या वेळी, कागदपत्रांच्या टेबलावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर जन्मतारीख आकड्यांत आणि त्याखाली अक्षरांत छापलेली होती, सात एप्रिल दोन हजार सात. तपासणाऱ्या बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले, बोट एकावरून दुसऱ्यावर नेलं आणि म्हणाल्या, "आप साइड में बैठिए।" भाची साडेतीन तास त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती. मी आणि मेहुणे स्टॅम्प पेपर, नोटरी, झेरॉक्स करत उन्हात फिरलो. शपथपत्रात लिहिलं होतं की या दोन्ही तारखा एकाच व्यक्तीच्या असून खरी तारीख अमुक आहे. ते तिला स्वतःला वाचून सही करायची होती. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सही केली, आणि सहीखाली तारीख घालायची जागा होती, तिथे पुन्हा थांबली. तो महिनाही बाराच्या आतला, दिवसही बाराच्या आतला.

त्या टेबलावरच्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांनी आकड्यांवर नाही, अक्षरांवर बोट ठेवलं होतं. बँकेत चेक लिहिताना रक्कम दोनदा लिहायची पद्धत आहे, आकड्यांत आणि अक्षरी, आणि दोन्हींत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम खरी धरायची असं १८८१ च्या कायद्यातच आहे. पैशाच्या बाबतीत आपल्याला हे शहाणपण इतक्या आधी सुचलं. जन्मतारखेच्या त्या शेवटच्या पानावर "७ एप्रिल" किंवा "४ जुलै" एवढे दोन शब्द छापले असते तर मुलगी त्याच रात्री ओरडली असती, "मामा, हे चुकलंय!" आणि मी आतून उठून आलो असतो.

बँकेत त्या दिवशी मी हेच सगळं मनात घेऊन उभा होतो. "हो, दिवसच," असं मी म्हटल्यावर तिने आठ चौकोन भरले, ०७०४२००७, एकेक आकडा कोरल्यासारखा. पेन उचललं. मग चौकोनांच्या वर, समासाच्या अरुंद जागेत, बारीक अक्षरांत लिहिलं: सात एप्रिल. काउंटरवरच्या तरुणाने फॉर्म घेतला, वाचला, वर बघितलं. "मॅडम, ये ऊपर लिखने की ज़रूरत नहीं थी।"

"रहने दीजिए," ती म्हणाली.

त्याने शिक्का मारला. शिक्क्याची जांभळी कड त्या दोन शब्दांना जराशी लागली, पण ते वाचता येत होते.